रोल बदलला, सॅपचा ऍक्सेस गेला आणि उशीर माझ्या नावावर

प्रश्न: वकीलताई, मी पुण्यातल्या एका कंपनीत 6 वर्षं व्हेंडर बिलांचं काम करत होते. 1 डिसेंबरला मला टॅक्स टीममध्ये घेतलं आणि त्याच दिवशी सॅप ह्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमधला पेयेबलचा सगळा ऍक्सेस गेला. आता टीडीएसचं 26क्यू रिटर्न माझ्याकडे आहे पण व्हेंडरचं लेजरच दिसत नाही. 410 बिलं तपासायचीत, जुन्या टीममधली मैत्रीण वेळ मिळेल तशी एक्सेल काढून देते, त्यातून दिवसाला 15 होतात, आधी 40 व्हायची. दोनदा मेल केला, आयटीने "रोलप्रमाणे आहे" म्हणून तिकीट बंद केलं. मॅनेजर तोंडी म्हणतात, मैत्रिणीच्या लॉगिनने कर. आणि रिव्ह्यूमध्ये "कामात दिरंगाई" असं लिहिलंय. माझा ऍक्सेस परत मिळवायला नोटीस पाठवता येईल का?

उत्तर: ताई, पहिली गोष्ट म्हणजे आज संध्याकाळपासून मैत्रिणीचं लॉगिन वापरायचं नाही, एकदाही नाही, आणि आधी वापरलं असेल तर इथेच थांबा. बाकीचं सगळं नंतर सांगते, कारण तुमची बाजू आत्ता चांगली आहे आणि ती बिघडेल ती फक्त ह्याच एका गोष्टीने.

माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 43 म्हणतं की सिस्टिमच्या मालकाच्या किंवा ती ज्याच्या ताब्यात आहे त्याच्या परवानगीशिवाय आत शिरलात तर नुकसानभरपाई द्यावी लागू शकते. तेच अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीच्या हेतूने केलं तर कलम 66 खाली 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 5 लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि दुसऱ्याचा पासवर्ड तशा हेतूने वापरण्यासाठी 66 सी वेगळं आहे. तुमचा हेतू वाईट नाही, मान्य, त्यामुळे फौजदारी केस टिकणार नाही असं मीही म्हणेन. पण तुमचे मॅनेजर म्हणजे सिस्टिमचे मालक नव्हेत, त्यांचं तोंडी "कर" म्हणजे कंपनीची परवानगी होत नाही, आणि उद्या विचारणा झाली तर ते "मी असं कधी म्हटलं?" म्हणतील. शिवाय 1 एप्रिल 2023 पासून कंपन्यांच्या अकाउंटिंग सॉफ्टवेअरला प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं एडिट लॉग सक्तीचं आहे, म्हणजे चुकून एखादी एन्ट्री बदलली गेली तर ती मैत्रिणीच्या नावावर चढणार आणि नोकरी तिचीही अडचणीत येणार. मॅनेजरना आजच दोन ओळींचा मेल टाका: "आपण काल सुचवलंत तसं दुसऱ्याच्या आयडीने काम करणं पॉलिसीत बसत नाही असं मला वाटतं, म्हणून मी ते करत नाहीये, माझ्या स्वतःच्या आयडीवर बघण्याचा ऍक्सेस मिळावा." भांडणाचा एकही शब्द नको. त्यांनी सांगितलं होतं हे ह्या मेलने कागदावर येतं आणि तुमचा नकारही येतो.

आता ऍक्सेसचं. जुना ऍक्सेस परत मिळवणं हा तुमचा हक्क आहे असं मी सांगणार नाही, कारण तसं नाहीये. कोणाला काय दाखवायचं हे कंपनी ठरवते आणि कुठलंही कोर्ट कंपनीला "ह्यांना अमुक स्क्रीन उघडून द्या" असा हुकूम सहसा देणार नाही. आणि खरं सांगायचं तर 1 डिसेंबरला ऍक्सेस काढला त्यात कंपनीचं चुकलेलं नाही. तुम्ही 6 वर्षं बिलं चढवत होतात, आता त्याच बिलांवरचा टीडीएस तपासणार, एकाच माणसाकडे दोन्ही राहिलं तर ऑडिटर बोट ठेवणारच. बऱ्याच कंपन्यांमध्ये सॅपचे रोल माणसाला नाही तर पदाला जोडलेले असतात, एचआरने पद बदललं की जुने रोल आपोआप गळतात. चुकलंय ते पुढचं, नव्या पदासाठी जे लागतं ते दिलंच नाही. तुमचे दोन्ही मेल (तुम्ही पाठवलेत ते वाचले) म्हणतात "माझा आधीचा ऍक्सेस परत द्या", म्हणून आयटीला नाही म्हणणं सोपं गेलं, कारण त्यांच्या हिशोबाने तो जायलाच हवा होता.

म्हणून मागणी बदला. जुना ऍक्सेस मागू नका, नव्या कामाला पुरेल इतकाच मागा आणि तोही फक्त बघण्याचा. 26क्यूसाठी तुम्हाला व्हेंडरच्या लाइन आयटम बघायला सॅपमधला FBL1N हा कोड लागेल, डॉक्युमेंट उघडून बघायला FB03, आणि व्हेंडरचा पॅन व टीडीएसची माहिती बघायला XK03. बिल चढवायचं FB60 किंवा पेमेंट रनचं F110 मागूच नका, ते मागितलंत तर आख्खा अर्ज अडकेल. (तुमच्या कंपनीत वेगळे कोड असतील तर जुन्या टीमला विचारून तेच लिहा.) सॅपमध्ये रोल देताना कधीपासून कधीपर्यंत हे घालता येतं, तर 15 फेब्रुवारीपर्यंतच द्या, नंतर पुन्हा बघू असं स्वतःहून लिहा, मुदत असली की मंजूर करणाऱ्याचा हात मोकळा होतो.

मागण्याआधी एक काम करा. FBL1N टाका, "You are not authorized to use transaction FBL1N" असा मेसेज येईल, लगेच, दुसरं काहीही न उघडता, SU53 टाका. शेवटचं कुठलं ऑथरायझेशन नाकारलं ते तिथे दिसतं. त्याचा तारीख वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट तिकिटाला जोडा. आयटीवाल्याला नेमकं काय कमी आहे ते कळतं, आणि "तुम्ही प्रयत्नच केला नाहीत" असं नंतर कोणी म्हणू शकत नाही.

अर्जात परिणाम लिहिताना "कामाला खूप त्रास होतोय" ह्या वाक्याला काही किंमत नसते, आकडे लिहा, आणि ते तुमच्याकडे आहेत. मी असं लिहीन (ऑफिसात इंग्रजी चालत असेल तर इंग्रजीत लिहा, मजकूर हाच):

"1 डिसेंबरपासून माझ्याकडे 26क्यूचं काम आहे, शेवटची तारीख 31 जानेवारी. 410 बिलं तपासायची आहेत. लेजर दिसत असताना दिवसाला 40 होतात, म्हणजे 11 दिवसांत काम संपतं. सध्या दुसऱ्या टीमकडून आलेल्या एक्सेलवरून 15 होतात. 5 जानेवारीपासून 31 तारखेआधी 19 कामाचे दिवस आहेत, त्यात 285 होतील, 125 बिलं न तपासता राहतील. रिटर्न उशिरा गेल्यास दिवसाला 200 रुपये लेट फी लागते, टीडीएसच्या एकूण रकमेपर्यंत. मला फक्त FBL1N, FB03 आणि XK03 बघण्यापुरता, 15 फेब्रुवारीपर्यंत हवा आहे. माझ्याआधी ह्या पदावर असलेल्या व्यक्तीला कोणता ऍक्सेस होता ते कृपया तपासावं. 8 जानेवारीपर्यंत ऍक्सेस शक्य नसेल तर ही 125 बिलं कोणी आणि कशी तपासायची ते लेखी कळवावं."

शेवटची दोन वाक्यं काढू नका. आधीच्या माणसाकडे ऍक्सेस होता असं निघालं तर "रोलप्रमाणे आहे" हे उत्तर तिथेच पडतं. आणि शेवटच्या वाक्याने निर्णय त्यांच्याकडे जातो, ऍक्सेस द्या नाहीतर दुसरी सोय सांगा, दोन्ही केलं नाही तर उशीर तुमच्यामुळे झाला असं म्हणणं त्यांना जड जाईल. मेल मॅनेजर, टॅक्स हेड आणि एचआर तिघांनाही एकत्र, तिकीट नंबर सब्जेक्टमध्ये. बंद झालेल्या तिकिटावर "रीओपन" करा, नवीन काढलंत तर जुन्या तारखा मागे पडतात, आणि तुम्ही डिसेंबरपासून मागताय हेच तर दाखवायचंय.

रिव्ह्यूमधल्या "दिरंगाई"ला आजच उत्तर द्या. पोर्टलमध्ये कर्मचाऱ्याच्या प्रतिक्रियेचा रकाना असतो तिथे 3-4 ओळी पुरे: कधी ऍक्सेस गेला, कधी कधी मागितला, तिकीट नंबर, काय उत्तर आलं. सही करायला लावली तर "प्रत मिळाली, शेऱ्याशी सहमत नाही" लिहून सही करा. गप्प राहून सही केलेली शीट वर्षभराने समोर येते तेव्हा फार त्रास देते. लेट फी तुमच्या पगारातून कापू असं कोणी म्हटलं तर तेही मान्य करू नका. ती भरायची जबाबदारी कंपनीची आहे, आणि वेतन संहितेप्रमाणे पगारातून नुकसान कापायचं तर ते तुमच्या ताब्यात दिलेल्या मालाचं किंवा हिशोब द्यायच्या पैशाचं आणि थेट तुमच्या निष्काळजीपणामुळे झालेलं असावं लागतं. ऍक्सेसच नव्हता तिथे निष्काळजीपणा कसला?

पुरावा जमवताना मात्र सांभाळा. माझ्याकडे एक अशील होते, स्वतःची बाजू खरी आहे हे दाखवायला त्यांनी कंपनीची लेजरं स्वतःच्या जीमेलवर पाठवली होती, सुनावणीत त्यांची तक्रार बाजूला राहिली आणि कंपनीने डेटा बाहेर नेल्याचाच मुद्दा धरला. तुम्ही फक्त स्वतःचा पत्रव्यवहार जपा: मेल, तिकीट, SU53 चा स्क्रीनशॉट, रिव्ह्यूची प्रत. व्हेंडरचं नाव, पॅन, रक्कम दिसत असेल तर तो स्क्रीनशॉट ऑफिसच्या मेलमध्येच राहू द्या. वहीत तारीखवार दोन ओळी लिहून ठेवा, आज किती बिलं झाली, एक्सेल किती वाजता आलं. पुढे कोर्टात कंपनीकडून रेकॉर्ड मागवता येतं, पण कुठल्या तारखेचं मागवायचं ते तुम्हाला माहीत हवं.

नोटीस आत्ता नको. नोटीस गेली की एचआरकडचं काम लीगलकडे जातं आणि तीन स्क्रीनचा ऍक्सेस महिनाभर लटकतो, तुमची 31 तारीख निघून जाईल. 8 जानेवारीपर्यंत काहीच झालं नाही तर पुढची पायरी तक्रार निवारण समिती. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत 20 किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेत ही समिती हवीच, त्यात मालकाचे आणि कामगारांचे सारखे प्रतिनिधी असतात आणि अर्जाचा निकाल 30 दिवसांत द्यायचा असतो. तक्रारीचं कारण घडल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करायचा. तुम्ही म्हणाल मी कामगार थोडीच, माझा पगार चांगला आहे, डेझिग्नेशन "असिस्टंट मॅनेजर" आहे. इथे बरेच जण फसतात. कायदा पद बघत नाही, रोज काय करता ते बघतो. तुमच्या हाताखाली कोणी नाही, कोणाची रजा तुम्ही मंजूर करत नाही, दिवसभर बिलं तपासता, म्हणजे काम कारकुनी स्वरूपाचं आहे, आणि कारकुनी कामाला पगाराची मर्यादा नाही. 18,000 ची मर्यादा आहे ती सुपरवायझरला. म्हणून अर्जात डेझिग्नेशनच्या पुढे रोजचं काम चार ओळीत जरूर लिहा.

शेरा अपील करूनही तसाच राहिला आणि त्यावरून इन्क्रिमेंट कापलं किंवा राजीनामा मागितला, तर मात्र काहीही सही न करता कागद घेऊन आधी एखाद्या कामगार वकिलाकडे जा, तेव्हा नोटीस लिहायची वेळ आलेली असेल.