पंचमीनंतर डायरेक्ट सप्तमी, मग षष्ठी गेली कुठे?

"काका, आजीच्या पंचांगात एका दिवशी पंचमी अन् दुसऱ्या दिवशी एकदम सप्तमी होती, मधली षष्ठीच गायब. मुंबईच्या आत्याकडे त्याच सकाळी षष्ठी चालू होती, पण तिच्याकडे पंचमी नव्हती म्हणे. कोणाचं चुकलं? आणि तिथी, नक्षत्र, योग हे नेमकं असतं काय? योग म्हणजे आसनं तर नाही ना? नववीत आहे, सोप्पं सांगा." (नागपूर)

कोणाचंच चुकलं नाही, दोघींची पंचांगं बरोबर आहेत. पण ते कळायला आधी तुझे तीन शब्द बघू, आणि त्यासाठी लागते फक्त बेरीज-वजाबाकी.

आकाशात सूर्य अन् चंद्र ज्या वाटेने फिरताना दिसतात ती वाट म्हणजे ३६० अंशांचं एक वर्तुळ समज. पंचांग करणारा रोज एवढंच बघतो की सूर्य कितव्या अंशावर आहे आणि चंद्र कितव्या. या दोनच आकड्यांतून तुझे तिन्ही शब्द निघतात. चंद्रातून सूर्य वजा केला की तिथी, एकटा चंद्र घेतला की नक्षत्र, आणि दोघांची बेरीज केली की योग. योग म्हणजे मुळात जोडणे, आपल्या नागपुरात हिंदी मिडियमची पोरं बेरजेच्या उत्तराला योगफल म्हणतात ना, तोच हा योग. आसनांचा शब्दही त्याच घरातला, पण पंचांगात त्याचं काही काम नाही.

आता ऋषिपंचमीची एखादी सकाळ घे, आकडे मी हिशोबाला सोपे घेतो. सूर्य १३० अंशांवर, चंद्र १८१ वर. वजाबाकी आली ५१. एक तिथी १२ अंशांची असते, म्हणजे ४८ अंशांत चार तिथ्या संपल्या आणि पाचवी चालू आहे, म्हणून पंचमी. फरक १८० च्या आत आहे म्हणून शुक्ल पक्ष, १८० झाला की पौर्णिमा संपली अन् पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं, फक्त कृष्ण पक्षातली.

नक्षत्राला एकटा चंद्र. ३६० चे २७ भाग केले की एक भाग १३ अंश २० कलांचा (६० कला म्हणजे एक अंश). १८१ मध्ये असे १३ पूर्ण भाग बसतात, चौदावा चालू, आणि अश्विनीपासून मोजलं की चौदावं नक्षत्र चित्रा. इथे एक गोंधळ आपल्याकडे हमखास होतो. जूनच्या ७-८ तारखेला गावाकडे सगळे म्हणतात "मृग लागला", आणि पंचांगात बघावं तर त्या दिवशी भलतंच नक्षत्र. कारण शेतकऱ्याचं मृग हे सूर्याचं नक्षत्र आहे, सूर्य एका नक्षत्रात तेरा-चौदा दिवस राहतो, आणि पंचांगात रोज छापतात ते चंद्राचं, जे साधारण दिवसाला एक बदलतं.

योगाला बेरीज, १३० अधिक १८१ म्हणजे ३११. त्यालाही १३ अंश २० कलांनीच भाग, २३ पूर्ण, चोविसावा चालू, त्याचं नाव शुक्ल. (शुक्ल पक्षाशी याचा संबंध नाही, नाव तेवढं सारखं.) खरं सांगायचं तर योग आकाशात दिसत नाही, तिथी चंद्राच्या कोरीवरून ओळखता येते, नक्षत्र चांदण्यांवरून, पण बेरीज कुठे दिसणार, ती कागदावरच. तरी आपल्या बोलण्यात मात्र एक योग घुसून बसला आहे, सतरावा, व्यतीपात. तो अशुभ मानतात, म्हणून उपद्व्यापी पोराला आज्या "काय व्यतीपात कार्टं आहे" म्हणतात.

आता तुझी हरवलेली षष्ठी. तिथी म्हणजे १२ अंश, तास नाही. चंद्र पृथ्वीजवळ असला की भरभर चालतो, लांब गेला की रमतगमत, म्हणून तीच तिथी कधी २० तासांत संपते तर कधी पावणेसत्तावीस तास रेंगाळते. जुने लोक याला बाणवृद्धी रसक्षय म्हणायचे. ६० घटींचा दिवस, घटी म्हणजे २४ मिनिटं, बाण म्हणजे ५ आणि रस म्हणजे ६, तर तिथी ६५ घटींपर्यंत वाढते नाहीतर ५४ पर्यंत घटते. आजच्या अचूक गणिताने ही मर्यादा आणखी मोठी निघते, सात घटी वाढ आणि दहा घटी घट.

आणि दिवसाला नाव कोणत्या तिथीचं द्यायचं? सूर्योदयाला जी चालू असेल तिचं. सगळी गंमत इथेच आहे. मार्चच्या सुरुवातीची एक सकाळ समज, नागपूरचा सूर्योदय साडेसहाला आणि मुंबईचा ६:५५ ला. मुंबई आपल्या पश्चिमेला सव्वासहा रेखांश, आणि एका अंशाला चार मिनिटं, म्हणून ही पंचवीस मिनिटं. (जूनमध्ये हा फरक अर्ध्या तासापर्यंत जातो, डिसेंबरात वीसेक मिनिटांवर येतो.) आता पंचमी आदल्या दिवशी ७:२० ला लागली आणि आज ६:३८ ला संपली. नंतर षष्ठी लागली अन् उद्या पहाटे ५:५० लाच संपली. दोन्ही चोवीस तासांपेक्षा लहान.

नागपुरात आज साडेसहाला पंचमी होती, आणखी आठ मिनिटं का होईना, होती. म्हणून आज पंचमी. उद्याच्या सूर्योदयाला सप्तमी. षष्ठीच्या वाट्याला एकही सूर्योदय आला नाही, तिला म्हणतात क्षय तिथी. मुंबईत आज ६:५५ ला पंचमी संपून षष्ठी लागलेली, आणि काल ६:५५ ला पंचमी अजून लागलीच नव्हती, चतुर्थी होती. म्हणजे आत्याकडे चतुर्थीनंतर डायरेक्ट षष्ठी, आणि क्षय पंचमीचा! आकाशात एकच गोष्ट घडली, फक्त सूर्य आपल्याकडे आधी उगवला.

क्षय म्हणजे तिथी झालीच नाही असं नाही हं, वरची षष्ठी तेवीस तासांच्या वर चालली की. उलट लांबलेली तिथी दोन सूर्योदय गाठते तेव्हा ती दोन दिवस लागोपाठ छापलेली दिसते, ती वृद्धी तिथी. आणि प्रत्येक सणाला सूर्योदयाचाच नियम नसतो, गणेश चतुर्थीला मध्यान्हीची चतुर्थी बघतात, संकष्टीला चंद्रोदयाची, म्हणून पानावर तृतीया लिहिलेली असूनही संकष्टी असू शकते.

पुढच्या वेळी दोन पंचांगं जुळली नाहीत तर आधी त्यांच्यातल्या सूर्योदयाच्या वेळा बघ. मोबाईलवरच्या अ‍ॅपमध्ये मार्चच्या सुरुवातीला सूर्योदय सातला टेकलेला दिसला तर समज की लोकेशन मुंबईचंच राहून गेलंय, नागपूर टाक अन् मग आजीच्या पंचांगाशी ताडून बघ.