थोरली, धाकटी आणि कोर्टाचा कागद

“माझं गर्भाशय काढलंय. धाकटी जाऊ आमचं बाळ पोटात वाढवायला तयार आहे. पण नऊ महिन्यांनी तिचा जीव गुंतला आणि ती ‘देणार नाही’ म्हणाली, तर आई कोण?”

हा प्रश्न माझ्याकडे इतक्यांदा येतो की उत्तर तोंडपाठ झालंय. २०२१ च्या सरोगसी कायद्यानुसार बाळ तुम्हा नवराबायकोचंच मानलं जातं. पण ते नुसतं मानण्यावर सोडलेलं नाही. गर्भ रोवण्याआधीच तुम्ही दोघं आणि जाऊ मिळून प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता. पालकत्व आणि ताब्याचा आदेश तिथून मिळतो, आणि तोच पुढे जन्माचं प्रतिज्ञापत्र ठरतो. जावेला मन बदलायची मुभा आहे, पण गर्भ रोवेपर्यंतच. शिवाय तिचं स्वतःचं अंडं वापरायला मनाई आहे.

एवढं सांगूनही थोरलीचा चेहरा उतरलेलाच. तिने वर्तमानपत्रातलं कात्रण काढलं. बहिणीने अंडं दिलेलं, जुळ्या मुली झालेल्या, नवराबायकोचं बिनसल्यावर ‘जैविक आई मेहुणीच’ असा नवऱ्याचा दावा. मी म्हटलं, “शेवट वाचलात का?” मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये तो दावा फेटाळला आणि आईला मुलींना भेटू दिलं. अंडं दिल्याने आईपण मिळत नाही.

माणसाच्या भीतीचं दुसरं टोक बहुधा त्याच घरात सापडतं, हे माझं जुनं मत. म्हणून पुढच्या वेळी धाकटीला एकटीलाच बोलावलं. बराच वेळ ती “ताईंसाठी करतेय” एवढंच म्हणत राहिली. मी विचारलं, “तुम्हाला कशाची धास्ती वाटते?”

ती थांबली. “बाळात काही व्यंग निघालं आणि ताईंनी नेलंच नाही, तर? माझ्या पदरात दोन आहेत.”

वकिलांनी, डॉक्टरांनी, कुणीच तिला हे विचारलं नव्हतं. (मलाही पहिल्या भेटीत सुचलं नव्हतं, हे कबूल करते.) खरं तर कायद्याने हे दारही बंद केलंय: जन्मजात दोष, मुलगी झाली, जुळी झाली, कोणत्याही कारणाने बाळ नाकारता येत नाही.

तिसऱ्या भेटीत दोघींना समोरासमोर बसवलं आणि धाकटीला तेच वाक्य पुन्हा बोलायला सांगितलं. थोरली ऐकत राहिली, मग म्हणाली, “अगं, मी तू पळवशील म्हणून घाबरत होते, आणि तू मी टाकून देईन म्हणून?” दोघी हसल्या, मग रडल्या.

प्रसूतीच्या वेळी एक गोष्ट मात्र विसरू नका. दाखल होताना रुग्णालयात बाळंतिणीचं नाव लिहिलं जातं, आणि जन्मनोंदणीच्या फॉर्मवर आई म्हणून तेच उतरायची भीती असते. आदेशाची प्रमाणित प्रत आधीच रुग्णालयात द्या. या दोघींनी तीन प्रती काढल्या. तिसरी धाकटीने मागून घेतली आणि आपल्या कपाटात ठेवली.