गणित सोडू की धरू?

"ताई, मी नागपुरात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, बजाजनगरला रूम करून राहतो. तीन सेमिस्टरचे ६४ क्रेडिट झाले, सीजीपीए ५.११ आहे. या सेमिस्टरनंतर तो ५.०० च्या खाली गेला तर प्रोबेशन. नापास विषयाचे क्रेडिटही मोजतात, त्याचे पॉइंट शून्य. आता २२ क्रेडिट आहेत. दोन-दोन क्रेडिटच्या दोन लॅब झाल्या, एकीत ए, एकीत बी प्लस. उरले गणित, सिग्नल्स आणि सर्किट्स चार-चार क्रेडिटचे, आणि दोन विषय तीन-तीनचे. गणितात इंटर्नलला ४० पैकी १३ आहेत. ते सोडून बाकीच्यांवर जोर द्यावा म्हणतो. किमान काय ग्रेड लागतील? काटोलला बाबांना अजून काही सांगितलं नाही."

गणित सोडू नकोस. का, ते आकड्यांतच दिसेल, म्हणून वही घे.

सरासरी बाजूला ठेव आणि एकूण पॉइंट मोज. ६४ गुणिले ५.११ म्हणजे ३२७ पॉइंट तुझ्या गाठीशी आहेत. सेमिस्टर संपल्यावर क्रेडिट होतील ८६, आणि ५.०० राखायला त्यांवर ४३० पॉइंट हवेत. तुझ्याकडे यूजीसीची दहाची पट्टी असेल असं धरते: ए म्हणजे ८, बी प्लस ७, बी ६, सी ५, पी ४. लॅबचे १६ आणि १४ मिळून ३० झाले. राहिले ७३, आणि ते पाच विषयांच्या १८ क्रेडिटमधून काढायचे आहेत.

भागाकार केलास तर ४.०६ येतात आणि वाटतं, सगळीकडे पी मिळाला की सुटलो. इथेच पोरं फसतात. सगळे पी म्हणजे १८ चोक ७२. एक पॉइंट कमी, सीजीपीए ४.९९. ग्रेड अर्धामुर्धा मिळत नाही, त्यामुळे एका तरी विषयात सी लागतो. तीन क्रेडिटच्या विषयात आला तरी पुरे: ७५ होतात, सीजीपीए ५.०२. तुझं किमान एवढंच आहे, चार पी आणि एक सी.

आता गणित सोडलंस असं धर. ७३ तेवढेच राहतात, पण ते काढायला क्रेडिट उरतात १४. चारही विषयांत सी आणलास तरी ७० होतात. त्यांतल्या एका तीन क्रेडिटच्या विषयात बी आला तर नेमके ७३, म्हणजे ५.०० वर काठावर. आज पी ची धाकधूक असणाऱ्या मुलाने चारही पेपरांत एकेक ग्रेड वर जायचं आणि एकात दोन, हे फार कठीण मागणं आहे. उलट नापासाचा पी झाला की गणितात एकदम १६ पॉइंट मिळतात; सिग्नल्समध्ये पी चा सी केलास तर फक्त ४.

कॉलेजात पी ला १०० पैकी ४० लागत असतील, तर गणितात तुला लेखी परीक्षेत ६० पैकी २७ हवेत. लेखीत वेगळं किमान पासिंग आहे का, तेही नियमपुस्तिकेत बघ. तुझा अभ्यासाचा पहिला तास या २७ मार्कांचा. मागचे पेपर घे, दरवर्षी येणारी युनिट निवड आणि तीच पक्की कर. सी साठी तीन क्रेडिटच्या दोन विषयांपैकी ज्याचं इंटर्नल बरं आहे तो धर.

एक वाट मात्र आजच तपास. कोर्स अधिकृतपणे मागे घ्यायची मुदत अजून आहे का? मागे घेतलेला विषय सरासरीत धरत नसतील, तर एकूण क्रेडिट ८२ होतात आणि ४१० पॉइंट लागतात. तुझ्याकडे ३५७ आहेत. उरलेल्या चार विषयांत नुसते पी आले तरी ५६ मिळून ४१३ होतात, सीजीपीए ५.०४. फॉर्म भरून सोडणं आणि पेपरात सोडून देणं यांत एवढा फरक आहे. पण वर्षाला किमान किती क्रेडिट लागतात, शिष्यवृत्ती किंवा होस्टेलला काही अट आहे का, हे परीक्षा विभागात विचारल्याशिवाय सही करू नकोस. आणि त्या सेमिस्टरचा वेगळा एसजीपीए बघतात का, हेही विचार. सगळे पी आणि एक सी आला तरी तो ४.७७ च येतो.

बाबांना निकालाआधी सांग. "नापास होईन असं वाटतंय" असं मोघम नको. "गणितात २७ मार्क पाहिजेत, एका विषयात सी पाहिजे, बाकी पास झालो की प्रोबेशन टळतं" असं सांग. प्रोबेशन आलंच तर पत्र घरी जाऊ शकतं, आणि ते पत्र तुझ्याआधी त्यांच्या हातात पडायला नको. या रविवारी काटोलची बस पकड, वही सोबत घेऊन जा.