बायोप्सी करा, पण तुकडा कुठून घेणार ते आधी विचारा

प्रश्न: वय ४१, तंबाखू-चुना खातो. डाव्या गालात आतून पांढरा डाग आहे, घासून जात नाही, दुखत अजिबात नाही. डेंटिस्ट म्हणतो बायोप्सी करा. खरंच गरज असते का, की बिल वाढवायचं काम आहे? बायोप्सीने कॅन्सर पसरतो असं पण ऐकलंय.

गरज असते. करून टाका.

मी सिंधुदुर्गात एका पॅथॉलॉजी लॅबला टेक्निशियन आहे, म्हणजे तुमच्या गालातून काढलेला तो तुकडा बाटलीतून बाहेर काढून त्याच्या मायक्रोस्कोपखाली बघायच्या काचा बनवणारा माणूस. डॉक्टर नाही. पण हा विषय आमच्या घरात झालाय आणि त्यावरून माझं आणि माझ्या मेहुण्याचं अजून धड बोलणं नाही, त्यामुळे जरा लांबेल, वाचायचं तर वाचा.

आमचे सासरे, त्यांना सगळे मामाच म्हणतात, मालवण साइडचे, आयुष्यभर रापणीच्या मासेमारीवर. रात्री दर्यावर जागं राहायचं म्हणजे तंबाखू आलीच, आणि त्यांची गोळी कायम डाव्या बाजूला, शेवटच्या दाढांच्या तिथे. दाढेचा तुकडा पडला म्हणून डेंटिस्टकडे गेले तेव्हा त्याला डाग दिसला, तोंडाच्या कोपऱ्यापासून मागे दाढेपर्यंत, पुढे पांढरा जाड, भेगाळलेला, आणि पार मागे वाटाण्याएवढा लालसर भाग, त्यावर पांढरे ठिपके. डेंटिस्टने दाढेची धार घासून दिली, तंबाखू बंद करा म्हणाला, दोन आठवड्यांनी या. हे त्याने बरोबर केलं. टोचणाऱ्या दाढेने किंवा नुसत्या तंबाखूच्या चटक्याने कातडी जाड झाली असेल तर कारण काढल्यावर ती त्या काळात पातळ व्हायला लागते. मामांचा पुढचा भाग थोडा पातळ झाला, मागचा जराही हलला नाही. डेंटिस्ट म्हणाला बायोप्सी.

मामा म्हणाले, "माका दुखणा नाय, खुपणा नाय, मगे कित्याक कापूक व्हया?" मेहुणा तर पेटलाच, "भावोजी, तुम्ही लॅबवाले, तुम्हाला सगळीकडे कॅन्सरच दिसतो. आमच्या वाडीतल्या एकाला सुरी लावली आणि वर्षाच्या आत गेला." बरं, तो माणूस बायोप्सीला गेला तेव्हा त्याच्या गालाला बाहेरून गाठ दिसत होती आणि तोंड उघडत नव्हतं. आजार पुढे गेला म्हणून तो बायोप्सीपर्यंत पोचला, बायोप्सीने आजार पुढे गेला नाही. हे मी मेहुण्याला किती वेळा सांगितलं असेल, पण गावात उलटंच चालतं, कारण उशिरा जायचं, मग माणूस जातो, मग नाव सुरीचं. गालातल्या डागाचा चार-पाच मिलिमीटरचा तुकडा काढल्याने कॅन्सर तयारही होत नाही आणि पसरतही नाही.

दुखत नाही याचा पण काही अर्थ नाही. जो घोटाळा चालू असतो तो कातडीच्या आतल्या आत असतो, दुखायला लागतं ते जखम झाल्यावर किंवा तो खोल उतरल्यावर, म्हणजे बहुतेक वेळा उशीरच झालेला असतो.

आता डोळ्याने का कळत नाही ते. तोंडातली कातडी जाड झाली की लाळेने भिजून पांढरी दिसते, बास, पांढरेपणाचा अर्थ तेवढाच. खरा प्रश्न त्या जाडीच्या तळाशी असतो. तिथल्या सगळ्यात खालच्या थरात नवीन पेशी तयार होतात आणि शिस्तीत वर सरकतात. तंबाखूने ती शिस्त बिघडते, पेशींची केंद्रकं मोठी आणि काळी होतात, विभागणी खालीच व्हायची ती वरच्या थरातही चालू होते. याला रिपोर्टमध्ये डिस्प्लेशिया लिहितात. हा गोंधळ तळापासून किती वरपर्यंत चढलाय आणि पेशी किती बिघडल्यात त्यावरून माइल्ड, मॉडरेट, सिव्हिअर. आणि तळाखालचा पडदा फोडून पेशी खाली उतरल्या की तो कॅन्सर. यातलं काहीही टॉर्च मारून दिसत नाही. मोठे मोठे डॉक्टर नुसतं बघून फसतात, साधा वाटलेला डाग खराब निघतो आणि भयानक वाटलेला साधा. तुकडा मेणात बसवून चार-पाच मायक्रॉनची पट्टी कापायची, रंग द्यायचा, आणि पॅथॉलॉजिस्टने मायक्रोस्कोपखाली बघायचं, याला दुसरा पर्याय नाही. ब्रशने खरवडून बघतात ते पण याच्या जागी चालत नाही, कारण थरांची रचना त्यात येत नाही.

तर शेवटी बायकोने आवाज चढवला तेव्हा मामा तयार झाले. एका खाजगी क्लिनिकमध्ये (नाव घेत नाही) भूल देऊन तुकडा काढला, एक टाका. रिपोर्ट आला, हायपरकेरॅटोसिस, डिस्प्लेशिया नाही. म्हणजे नुसती जाड कातडी. मेहुण्याने फॅमिली ग्रुपवर रिपोर्टचा फोटो टाकला आणि खाली हात जोडलेले. मला उद्देशून होतं ते.

तो रिपोर्ट वाचताना मला एकच गोष्ट खटकली, नमुना कुठून घेतला तिथे फक्त "डावा गाल" लिहिलं होतं. मी मामांच्या तोंडात बघितलं तर टाका पुढे, पांढऱ्या जाड भागात. मागचा लाल भाग तसाच. कारण मी समजू शकतो, मागे दाढेजवळ हात पोचत नाही, जीभ मध्ये येते, रक्त जास्त येतं, पुढून घेणं सोपं. पण रिपोर्ट हा त्या तुकड्यापुरता असतो, अख्ख्या डागाचा नसतो. मामांना मी एवढंच विचारलं की पेटीतला वरचा एक हापूस दाबून बघितला की खालचे सगळे चांगले समजता का, तेव्हा ते पहिल्यांदा गप्प बसले. नियमच आहे की तुकडा सगळ्यात वाईट दिसणाऱ्या जागेतून घ्यायचा, म्हणजे लाल, ठिपक्याठिपक्यांचा, चामखिळीसारखा वर आलेला, कडक लागणारा किंवा जखम असलेला भाग. पांढऱ्यापेक्षा पांढरा-लाल मिश्र डाग खूप जास्त धोक्याचा, हे या लायनीतला कोणीही सांगेल.

त्यावरून घरात जे काय झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही. "रिपोर्ट चांगला आला तर तो पण तुम्हाला चालत नाही" हे वाक्य मेहुणा अजून ऐकवतो. पण मामा माझ्याबरोबर गोव्यात बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलला आले. तिथे डॉक्टरांनी आधी निळा रंग लावून बघितला, टोल्युडीन ब्लू म्हणतात त्याला, मागच्या लाल भागाने रंग धरून ठेवला, पुढच्याने नाही. (हा रंग फक्त जागा निवडायला मदत करतो, रंग धरला म्हणजे कॅन्सर असं नाही.) दोन तुकडे घेतले, एक लाल भागातला, एक त्याच्या मागच्या पांढऱ्या कडेचा, वेगवेगळ्या बाटल्यांत, प्रत्येकीवर जागा लिहून. पांढऱ्यात माइल्ड निघाला, लालमध्ये सिव्हिअर डिस्प्लेशिया. एकाच डागात!

मग पूर्ण भूल देऊन अख्खा डाग आजूबाजूच्या थोड्या चांगल्या कातडीसकट काढला. काढलेला भाग पूर्ण तपासला, कारण असे अख्खे डाग तपासताना कधीकधी छोट्या तुकड्यात न सापडलेला कॅन्सर सापडतो. मामांचं तसं झालं नाही, पेशी खाली उतरलेल्या नव्हत्या, कडा साफ होत्या. आता ते तीन महिन्यांनी दाखवायला जातात, तोंड आखडू नये म्हणून व्यायाम करतात, आणि तंबाखू सुटली, म्हणजे सुटली असं ते म्हणतात.

तुमच्यासाठी कामाचं एवढंच. डेंटिस्टला सरळ विचारा तुकडा कुठून घेणार आणि का. डाग मोठा असेल तर एकापेक्षा जास्त जागा घ्यायला सांगा. तुकडा वरवर खरवडलेला नको, खालचा थर आणि त्याखालचं थोडं मांस यायला हवं, नाहीतर पडदा फुटलाय की नाही हे आम्ही काचेवर दाखवणार कशात. आणि बाटलीत फॉर्मॅलिनच हवं. सलाइनमध्ये पाठवलेले तुकडे आमच्याकडे येतात, येईपर्यंत सडायला लागलेले असतात, मग रिपोर्ट "नमुना अपुरा". प्रकार स्वतः अर्ध्या तासाच्या आतला, एक-दोन टाके, दोन-चार दिवस तिखट बंद. रक्त पातळ व्हायची गोळी चालू असेल तर आधी सांगा, मनाने बंद करू नका.

व्हिटॅमिनच्या कॅप्सूल देऊन "महिनाभर बघू" म्हणाला कोणी तर दुसरीकडे जा. त्याने डाग फिका होऊ शकतो, पण पुढे कॅन्सर होणं थांबतं असं सिद्ध झालेलं नाही. फिका झाला की माणूस निर्धास्त होतो, हेच जास्त वाईट.

हां, सगळेच पांढरे डाग हे नसतात हे पण सांगतो. कापसाने पुसून निघतो तो बुरशीचा. दात मिटल्यावर जिथे येतात तिथे दोन्ही गालांवर बारीक पांढरी रेघ असते ती नॉर्मल. दोन्ही बाजूंना जाळीसारखी नक्षी असेल तर लायकेन प्लॅनस, तो वेगळा आजार, त्याचं डॉक्टर ठरवतील. आणि तंबाखू खाणाऱ्यांचे बहुतेक डाग कॅन्सर होत नाहीत, हेही खरंय, मेहुणा हेच वाक्य धरून बसलाय. पण तुमचा कुठल्या गटातला ते तुकडा काढल्याशिवाय कळणार कसं? बरं, डिस्प्लेशिया नाही असा रिपोर्ट आला तरी डाग आहे तोवर तीन ते सहा महिन्यांनी दाखवत राहायचं, आणि लाल झाला, जाड झाला, कडक लागला तर परत तुकडा. तंबाखू सोडायला फोनवर मदत हवी असेल तर सरकारी नंबर आहे १८००-११२-३५६, फुकट आहे.

आणि रिपोर्ट आला की नुसता कागद घेऊन घरी जाऊ नका. काचा आणि मेणाचा ब्लॉक लॅबमध्ये ठेवलेला असतो, दुसऱ्या हॉस्पिटलला दाखवायचं असेल तर तो मागता येतो, म्हणजे परत तुकडा काढावा लागत नाही. आमच्याकडे एक साधा अर्ज लिहून दिला की देतो.