भवानी झाली का, मावशी?

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

जळगावला येऊन महिना झाला आणि कोपऱ्यावरच्या भाजीवालीने किडकी वांगी माथी मारली, म्हणून आता मॉलमधूनच भाजी आणणार, असं तू लिहिलंस. तसं करण्याआधी माझं ऐक. मॉलमध्येही वांगं तुलाच निवडायचं आहे, आणि भरताच्या वांग्यात नुसत्या डोळ्यांना फारसं कळत नाही.

आपलं हिरवं, पांढऱ्या रेघांचं मोठं वांगं बामणोद-आसोद्याकडून येतं. त्याला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. आकाराच्या मानाने हलकं लागलं तर बिया कमी, देठ हिरवागार असला तर ताजं, एवढं हाताला कळतं. पण फळ पोखरणारी अळी फळ लहान असतानाच, बहुतेकदा देठाच्या टोपीखालून आत शिरते आणि ते बारीक भोक बुजून जातं. आपल्याला दिसतं ते मोठं भोक अळी बाहेर पडल्याचं असतं. म्हणजे भोक नसलेलं वांगंही आतून किडकं निघू शकतं. मावशीने पहाटे लिलावात क्रेट घेतलं तेव्हा तिनेही वांगं चिरून पाहिलेलं नसतं. कुणाच्या मळ्यातला माल कसा निघाला हे तिला कळतं ते गिऱ्हाइकाच्या तोंडून, आणि बहुतेक गिऱ्हाइकं काही सांगतच नाहीत. चांगलं निघालं तर खातात, वाईट निघालं तर दुसऱ्या गाडीवर जातात. रोजच्या रामरामाचा खरा उपयोग इथे आहे.

सकाळी गेलास की कानाचा फोन खाली ठेव आणि आधी म्हण, "राम राम मावशी, भवानी झाली का?" ती "नाही ना भाऊ, आत्ताच मांडलं" म्हणाली, तर त्या वेळी घासाघीस करू नकोस, आणि चार वांगी चिवडून रिकाम्या हाती परतू नकोस. पावशेर मिरची घे, पण घे. जमलं तर रोख दे. पहिली नोट ती कपाळाला लावेल, मग गल्ल्यात टाकेल. तिच्या दिवसाची ती सुरुवात असते.

मग मालाचं विचार. "आज वांगी कुठली?" हा प्रश्न तिला आवडतो, कारण त्याचं उत्तर तिच्याकडे असतं. कमाई किती, मुलगा काय करतो, हे तिने आपणहून काढल्याशिवाय विचारू नये. ती मात्र तुला गाव कोणतं, लग्न झालं का, हे विचारणारच. आपल्याकडे ती आपुलकी असते. सांगायचं तेवढं सांग आणि हसून पुढच्या भाजीकडे वळ. अहिराणी किंवा लेवा बोली येत नसेल तर ओढूनताणून बोलू नकोस, साधी मराठी चालते. समोर दोन गिऱ्हाइकं उभी असतील तर राम राम पुरे.

सगळ्यात महत्त्वाचं दुसऱ्या दिवशी. "मावशी, कालची भाजली. गर मऊ निघाला, बिया नव्हत्याच." हे एक वाक्य तिला व्यापाराच्या कामाचं आहे. आणि खराब निघाली तर तेही सांग, पण गिऱ्हाइकांसमोर वांगं नाचवून नाही. गर्दी ओसरल्यावर म्हण, "चारातली दोन किडकी निघाली हो. कुणाचा माल होता तो?" बहुतेक वेळा ती दोन वांगी बदलून देईल, पण खरी मिळकत वेगळी आहे. त्या मळ्याचं क्रेट पुन्हा घेताना ती विचार करेल. आठ-पंधरा दिवस असं चाललं, की एके सकाळी ती स्वतःच म्हणेल, "आज वांगी नका घेऊ भाऊ, गिलके घ्या." स्वतःचा माल विकू नये असं विकणारीने सांगितलं, की समज, तिचा तुझ्यावर आणि तुझा तिच्यावर विश्वास बसला.

उलटी खूणही ओळख. गप्पा गोड, कोथिंबीर फुकट, पण वांगी ती हाताने खालून काढून देते आणि तुला निवडू देत नाही, असं वारंवार झालं तर गाडी बदल. तोलण्याआधी काट्यावर शून्य आहे ना, तेही बघत जा. त्यात संशय घेण्यासारखं काही नाही, तीही लिलावात काटा बघतेच. उधारी झाली तर दुसऱ्या सकाळी न मागता फेड, आणि ओळखीच्या जोरावर भाव पाडून मागू नकोस. तिचं पोट त्या दोन-चार रुपयांवरच चालतं.

चंपाषष्ठीनंतर तुमच्या ऑफिसची मंडळी मळ्यात भरीत पार्टी काढतीलच. वांगी आणायचं काम तू घे आणि मावशीला दोन दिवस आधी सांग, म्हणजे ती लिलावात तुझ्यासाठी एकाच मळ्याचा माल बघेल. कांद्याची पात आणि हिरवी मिरचीही तिच्याकडूनच घे.

तुझा,
काका