आमरसाचा ΔE आणि तपकिरी रंग

प्रश्न: हापूसच्या रसाचे L*, a*, b* साठवणीआधी 60, 8, 50 आणि नंतर 54, 8, 42. ΔE किती? रस तपकिरी पडला असं लिहू का?

ΔE, म्हणजे दोन रंगांमधला एकूण फरक, 10 येतो, पण ‘तपकिरी’ लिहू नका. ‘रस गडद झाला, पिवळेपणा घटला’ एवढंच लिहा. L* म्हणजे उजळपणा, a* म्हणजे लाली, b* म्हणजे पिवळेपणा; त्यांतले फरक −6, 0, −8. वर्गांची बेरीज 100, वर्गमूळ 10. तुर्भ्याच्या लॅबमध्ये मी आमरसच मोजते. रस तपकिरी पडतो तेव्हा L* उतरतो आणि a* बहुधा चढतो. इथे लाली जागची हललेली नाही. शिवाय ΔE ला दिशा नसते: रस तेवढाच उजळ आणि पिवळा झाला असता तरी उत्तर 10च. मात्र हे 1976 च्या सूत्राने. प्रश्नात 2000 चं सूत्र दिलं असेल तर आकडा वेगळा येईल.