‘गोपनीय’ की ‘अप्रकाशित’?

प्रश्न : आमच्या कंपनीच्या इनसायडर ट्रेडिंगविषयीच्या आचारसंहितेचा मराठी मसुदा करतोय. ‘अनपब्लिश्ड प्राइस सेन्सिटिव्ह इन्फर्मेशन’ला सरळ ‘गोपनीय माहिती’ म्हटलं तर चालेल का?

नाही चालणार. कामगारांच्या पगाराची यादी गोपनीय असते, पण ती फुटली म्हणून शेअरचा भाव सहसा हलत नाही. उलट तिमाही नफ्याचा आकडा निकालाआधीच व्हॉट्सॲपवर फिरला, तर त्यात गुपित काही उरलं नाही. तरी कंपनीने तो शेअर बाजाराला कळवेपर्यंत तो अप्रकाशितच. म्हणून ‘अप्रकाशित भाव-संवेदनशील माहिती’ असंच लिहा, जड वाटलं तरी.

पण ‘अप्रकाशित’लाही एक खोच आहे. आपण मराठीत पेपरात छापून आलं की ‘प्रकाशित झालं’ म्हणतो, आणि याच मुद्द्यावर एक मोठं प्रकरण लढलं गेलं. मार्च १९९६ मध्ये हिंदुस्थान लिव्हरने युनिट ट्रस्टकडून ब्रुक बाँड लिप्टनचे ८ लाख शेअर घेतले. पुढच्याच महिन्यात या दोन कंपन्यांचं विलीनीकरण जाहीर झालं. सेबीने १९९८ मध्ये लिव्हरला दोषी ठरवलं. कंपनीचं म्हणणं असं, की विलीनीकरणाची चर्चा वर्तमानपत्रांत आधीपासून होती. तेव्हाच्या १९९२ च्या नियमांत ‘सर्वसाधारणपणे ठाऊक नसलेली’ असेही शब्द होते, त्यामुळे अपिलात हे म्हणणं मान्य झालं. माझ्या मते तो निकाल शब्दांना धरून होता. ढिलाई व्याख्येत होती. २००२ मध्ये सेबीने ती आवळली : माध्यमांतले अंदाज म्हणजे प्रकाशन नव्हे. सध्याच्या २०१५ च्या नियमांत कसोटी आहे, माहिती भेदभाव न करता सर्वांना मिळू शकते का, ही. मसुद्यात हेच एक वाक्य व्याख्येखाली टाका : ‘बातमीत आलेला अंदाज प्रकाशित माहिती धरला जाणार नाही.’

‘ट्रेडिंग विंडो’ मात्र तशीच ठेवा. ‘व्यवहार-खिडकी’ वाचून लोक काउंटर शोधतील! ती बंद कधी, हे उदाहरणाने सांगा. तिमाही ३० सप्टेंबरला संपली आणि निकाल २८ ऑक्टोबरला संध्याकाळी पाचला जाहीर झाला, तर नेमलेल्या कर्मचाऱ्यांना आणि त्यांच्या जवळच्या नातलगांना तिमाही संपल्यापासून ३० ऑक्टोबरच्या संध्याकाळी पाचपर्यंत, म्हणजे निकालानंतरचे ४८ तास उलटेपर्यंत, कंपनीच्या शेअरमध्ये व्यवहार करता येत नाही. खिडकी उघडली तरी, हाती दुसरी एखादी अप्रकाशित माहिती असेल तर बंदी कायमच.

आणि ‘इनसायडर’ला ‘आतला माणूस’ म्हणू नका. संचालकाने जेवताना मेहुण्याला विलीनीकरणाचं सांगितलं, तर कंपनीत कधी पाऊल न ठेवलेला मेहुणाही इनसायडर ठरतो. त्याने शेअर घेतले तर तो नियमभंग, आणि संचालकाचं नुसतं सांगणं हा वेगळा नियमभंग. ‘अंतःस्थ’ चालेल, फक्त व्याख्येत ‘अशी माहिती ज्याच्याजवळ आहे तो’ हे शब्द गाळू नका.